अठ्ठावन्न खाडे

देवळीच्या बसस्थानकामागे जे मंगल कार्यालय आहे, त्याच्या आवारात एक कडुनिंब आहे. त्याखाली सिमेंटचा ओटा आहे. रोज सकाळी साडेसहा ते साडेसात रूपराव त्या ओट्यावर बसलेला असतो. शेजारच्या टपरीवरचे मधुकरराव न विचारता कट चहा आणून ठेवतात आणि न बोलता परत जातात. रूपराव पेपर वाचत नाही, मोबाइल बघत नाही, कुणाशी गप्पाही मारत नाही. तो नुसता बसतो. बघणाऱ्याला वाटेल, काय हा रिकामटेकडा म्हातारा. पण दिवसाच्या चोवीस तासांतला एवढाच एक तास असा आहे, की ज्यात त्याला कुणी हाक मारत नाही.

बाकीचे तेवीस तास भागीरथेचे. भागीरथा त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसल्या बसल्या तिची उजवी बाजू गेली. सेवाग्रामला सतरा दिवस काढले. पाय बऱ्यापैकी परत आला, बोलणं अडखळत का होईना परत आलं, हात मात्र अर्ध्या वाटेत थांबला. तेव्हापासून चहा रूपराव करतो, आंघोळ तो घालतो, गोळ्या तो देतो, वरणाला फोडणी तोच देतो आणि सकाळी तिची वेणीही तोच घालतो. पहिल्या वर्षी त्याची वेणी अशी व्हायची की भागीरथा आरशात बघून डोळे मिटून घ्यायची. आता बरी होते. रात्रीही ती दोनदा उठते, म्हणजे तोही दोनदा उठतो. मुलगा अंकुश बुटीबोरीला कंपनीत आहे, पैसे पाठवतो, महिन्यातून एखादा रविवार येतो. मुलगी सुरभी कारंज्याला दिली आहे. दोघंही चांगली आहेत हो, पण वेणी घालायला रोज कोण येणार?

त्याआधी रूपरावाने सव्वीस वर्षं सालदारकी केली. देवळीपासून चार कोसांवर वासुदेवरावांचा मळा आहे, तिथे. साल म्हणजे पाडवा ते पाडवा. पाडव्याला मालकाच्या ओसरीवर बसायचं, वर्षाचे पैसे ठरवायचे, कपडे किती, ज्वारी किती, ते ठरवायचं आणि पानसुपारी घेऊन कामाला लागायचं. वर्षभरात जे दिवस चुकले ते खाडे. मालक भिंतीवर कोळशाने रेघ ओढायचा. वर्ष संपलं की रेघा मोजायच्या आणि तेवढे दिवस पाडव्यानंतर फुकट भरून द्यायचे. कुणी मेलं म्हणून खाडा, ताप आला म्हणून खाडा, लेकीचं लग्न म्हणून खाडा. सगळे भरून द्यायचे. रूपरावाने एका वर्षी एकवीस दिवस भरले होते. त्यात त्याला अन्याय वाटला नाही. करार म्हणजे असाच असतो, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की दुसऱ्या प्रकारचा करार जगात असू शकतो, हे त्याच्या मनाला कधी शिवलंच नाही. आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

मागच्या वर्षी सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरात बसवून ठेवू नका, रोज हालचाल पाहिजे. देवळीत दामिनीचा योगवर्ग होता. दामिनी तिशीची, वर्ध्याला शिकून आलेली, मंगल कार्यालयाचा मागचा हॉल तिने भाड्याने घेतलेला. सकाळची तुकडी फक्त बायकांची, वीस जणींची. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांना खुर्चीवर आसनं. रूपराव चौकशीला गेला तेव्हा तिने छापील कागद पुढे ठेवला आणि बोट ठेवून एक एक ओळ वाचून दाखवली. महिन्याचे सहाशे, वर निव्वळ नाव घालायचे पाचशे. तीन महिन्यांचे सोळाशे, नावाचे पाचशे वेगळेच. वर्षाचे चार हजार आठशे, आणि त्यात नावाचे पैसे माफ.

"वर्षाचं घेतलं तर तीस दिवस फ्रीज करता येते काका," ती म्हणाली. "म्हंजे गावाले जायचं असलं तर आधी कळवाचं. तेवढे दिवस मंग शेवटी वाढवून देते."

"हो हो," रूपराव म्हणाला. यात काय मोठं सांगायचं? चुकलेले दिवस शेवटी भरायचे, हे त्याला कोण शिकवणार! त्याने वर्षाचं घेतलं. अंकुशने पैसे पाठवले. कागदावर एक रकाना होता, 'वर्गात येण्याचा उद्देश'. रूपरावाने तिथे लिहिलं, उजवा हात. खाली सही केली. दिवसही त्याने मुद्दाम पाडव्याचाच धरला, तीस मार्च.

पहिल्या दिवशी भागीरथेला खुर्चीवर बसवून तो बाहेर आला आणि काय करावं ते न सुचून ओट्यावर बसला. पाच मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं की आपले खांदे खाली आलेत. इतके दिवस ते वर होते, हेसुद्धा त्याला तेव्हाच कळलं. साडेसात कधी वाजले ते समजलं नाही. त्या दिवसापासून तो तास त्याचा झाला. कुणी विचारलं तर सांगायचा, हिच्या हातासाठी येतो. खोटं नव्हतं ते. दिवाळीपर्यंत हात खांद्याच्या रेषेपर्यंत येऊ लागला होता. पण रात्री दुसऱ्यांदा उठून पुन्हा आडवं होताना त्याच्या डोळ्यांपुढे हात यायचा नाही, ओटा यायचा. याची त्याला लाज वाटे.

मग खाडे पडत गेले. पावसात रस्ता बुडाला, भागीरथेला ताप आला, असे सात. पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी असे सणावारी सहा. आणि सुरभीचं बाळंतपण. खरं तर लेक माहेरी यायची, पण माहेरी करणार कोण? म्हणून बाळंतपण कारंज्यालाच झालं आणि भागीरथाच तिकडे जायला हटून बसली. हात चालत नाही तर नाही, बाळाजवळ बसून तर राहीन, म्हणाली. सव्वा महिन्यासाठी गेले, बाळाला कावीळ झाली म्हणून बावन्न दिवस राहिले. रविवार सोडून पंचेचाळीस. लेकीच्या सासरी रूपरावाला ओटाही नव्हता आणि तासही नव्हता. तो रोज सकाळी देवळीहून सोबत नेलेल्या कॅलेंडरवर पेनाने एक रेघ ओढायचा आणि त्या रेघेने त्याला बरं वाटायचं. हा दिवस गेला तरी जात नाही कुठे. शेवटी मिळणार आहे.

एकूण अठ्ठावन्न. आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे त्याचे दिवस निघत होते.

यंदा पाडवा लवकर आला, एकोणीस मार्चला. दोन दिवस आधी भागीरथेला खुर्चीवर बसवून, कॅलेंडरची गुंडाळी काखेत घेऊन रूपराव दामिनीच्या टेबलापाशी उभा राहिला. बायका आडव्या होऊन श्वास मोजत होत्या, म्हणून तो हळूच बोलला.

"साल भरत आलं ना बाई. खाडे मांडून आनले. अठ्ठावन्न हायेत. रविवार धरले नाईत."

दामिनीला आधी समजलंच नाही. मग तिने रेघांकडे पाहिलं, रूपरावाकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बसा काका." तिने फाइलमधून त्याचाच कागद काढला. "पह्यले तर तुमचं वर्ष पाडव्याले संपत नाई. तारखेवर हाये. एकोनतीस मार्चपर्यंत. म्हंजे तुमाले वाटत होतं त्याच्यापेक्षा दहा-अकरा दिवस जास्तच हायेत."

"ते ठीक हाये. अन् खाडे?"

"खाडे असे भरून नाई देता येत."

"तुमीच म्हनल्या होत्या, शेवटी वाढवून देतो म्हनून."

"म्हनली होती. पन आधी कळवलं तर." तिने चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. फ्रीज वर्षातून एकूण तीस दिवस. एका वेळी कमीत कमी सात दिवस. दोन दिवस आधी लेखी किंवा मोबाइलवर कळवणे आवश्यक. मागील तारखेने फ्रीज होणार नाही. "कारंज्याले जाताना तुमी एक चिठ्ठी जरी टाकून गेले असते ना काका, तीस दिवस आजच वाढवले असते. दवाखान्याचा कागद असता तर साठपर्यंत. तुमी काईच नाई सांगितलं. मी दोन महिने काकूंची खुर्ची तशीच ठेवली. वीसच जागा हायेत, दोघीजनी रांगेत होत्या, त्यायले नाई म्हनलं."

रूपराव त्या ओळीकडे बघत राहिला. खाली त्याचीच सही होती, चांगली ठसठशीत.

"मंग पैसे?" त्याने विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

"पैसे वापस फक्त पह्यल्या सात दिवसांत होते. ते बी आलेले दिवस कापून." तिने डोळे चोळले. "मले बी वाईट वाटून राह्यलं. पन या हॉलचं भाडं मी बी सालाचंच भरते. मी नाई आली त्या दिवसाचं मले कोनी वापस देत नाई."

तिचे डोळे सुजलेले होते. पहाटे साडेचारला उठून दोन तुकड्या घेणारी मुलगी ती. तिच्यावर चिडायची रूपरावाची इच्छा होती, पण चिडायला जे बळ लागतं ते त्याच्याकडे राहिलं नव्हतं. वासुदेवरावांकडे चुकलेले दिवस भरून द्यायला लागायचे, इथे चुकलेले दिवस बुडाले. दोन्हीकडे बुडाला तो रूपरावच. त्याने कॅलेंडर गुंडाळायला घेतलं.

आता खरा प्रश्न पुढेच होता. अठ्ठावन्न दिवस मिळते तर जून उजाडला असता, अंकुशपुढे हात पसरायला अडीच महिने मिळाले असते. आता बारा दिवस होते. आणि अंकुशचं मत रूपरावाला ठाऊक होतं. मागच्या रविवारी आईचा हात धरून, वर करून पाहून तो म्हणाला होता, "दिवाळीपासून एवढाच हाये बाबा. आता घरीच करून घेत जा." चुकीचं काय म्हणाला? हात थांबलाच होता. हातासाठी वर्ग, हे कारणच संपलं होतं आणि दुसरं जे कारण होतं ते साठी उलटलेल्या माणसाने पोराला कोणत्या तोंडाने सांगायचं? तुझ्या आईपासून मला एक तास लांब बसायचं आहे, असं?

तरी त्याने नवा दर विचारला. दुधाने तोंड पोळलं होतं, तेव्हा या वेळी एकेक ओळ त्याने बोट ठेवून विचारली. दर वाढले होते. वर्षाचे सहा हजार, तीन महिन्यांचे एकोणीसशे, महिन्याचे सातशे.

"नावाचे पाचशे परत लागते का?"

"मुदत संपल्यावर पंधरा दिवसांत भरले तर नाई. त्याच्या पुढं गेलं तर लागते."

"यंदा मे महिन्यात तुमी वर्ग बंद ठेवनार म्हनते. ते दिवस?"

"बंद मी ठेवला तर ते दिवस वाढवून देते. ते तुमच्या खाड्यात नाई धरत."

"महिन्याच्याले फ्रीज?"

"नाई. फ्रीज फक्त वर्षाच्याले. तीन महिन्यांच्याले बी नाई."

"अन् समजा," रूपराव हॉलकडे न बघता म्हणाला, "वर्षाचे भरले अन् मधातच हिले पुन्हा काई झालं तं?"

दामिनीने पेनाचं टोपण लावलं. "दवाखान्याचा कागद आनला तर साठ दिवस थांबवते. पैसे नाई देता येत काका. नियम सगळ्यायले एकच ठेवा लागते."

त्याने मनात मांडणी केली. दहा महिने आलो तर महिन्यामहिन्याने सात हजार होतात, मध्ये खंड पडला तर वर पाचशे. वर्षाचं सहा हजारांत पडतं. कागदावर वर्षाचंच स्वस्त. पण ते ज्याचं अंग वर्षभराची हमी देतं त्याच्यासाठी. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, असा झटका दुसऱ्यांदा येऊ शकतो. तीन महिन्यांत दोनशे वाचतात, पण मे महिन्यात सुरभी बाळाला घेऊन यायची होती, तेव्हा येणं कसं जमणार? ज्या महिन्याचं दिसतं त्याच महिन्याचं घ्यावं. महाग पडेल, पण बुडालं तर सातशेच बुडतील. एका वर्षात तो एवढं शिकला होता. फक्त ते सातशे त्याच्या खिशात नव्हते.

घरी आल्यावर त्याने भागीरथेला सगळं सांगितलं. ती खाटेवर बसली होती, तो मागे बसून तिची वेणी सोडत होता. खाडे मिळणार नाहीत, वर्ग एकोणतीसला संपतो, आता घरीच हात वर-खाली करू, असं तो एका दमात म्हणाला आणि फणी शोधू लागला. भागीरथेने मान मागे वळवली.

"अंकुशले फोन लावा," ती म्हणाली.

"काऊन?"

"लावा तं."

भागीरथेला फोन धरता येत नाही. उजवा हात तिथवर पोचत नाही, डाव्या कानाने तिला कमी ऐकू येतं आणि डावा हात आडवा नेऊन उजव्या कानाशी फोन धरला की तो सरकतो. त्यामुळे तिचं बोलणं व्हायचं तेव्हा रूपराव शेजारी बसून तिच्या उजव्या कानाशी फोन धरून ठेवायचा. तसाच त्याने तो धरला. पलीकडे कंपनीच्या बसचा आवाज होता.

"अंकुश, वर्गाचे पैसे पाठव. महिन्याचे."

"आई, हात तर तेवढाच हाये ना आता. घरी बाबा करून घेईन."

"हात एवढाच राह्यन," भागीरथा म्हणाली. तिला एकेक शब्द उचलून ठेवावा लागत होता. "मले मालूम हाये. हातासाठी नाई मांगत."

"मंग?"

"तुह्या बापासाठी मांगून राह्यली."

रूपरावाने फोन खाली घेतला. तिने डाव्या हाताने त्याचं मनगट धरून तो पुन्हा कानाशी आणला. तिच्या त्या हातात अजून ताकद होती.

"माही खुर्ची खिडकीजवळ हाये," ती सांगत होती. "तिथून निंबाखालचा ओटा दिसते. तो मानूस तिथं एक घंटा बसते. कोनाले काई मांगत नाई, कोनाशी बोलत नाई. त्याचं तोंड मले तवाच पह्यल्यासारखं दिसते. घरी आल्यावर नाई दिसत. सव्वीस साल त्यानं लोकायचे खाडे भरले, दोन साल झाले माहे भरून राह्यला. त्याले एक घंटा पाह्यजे रे. मले तो वर्ग आवडत बी नाई, नुसती श्वास घ्या न् सोडा. पन मी जाईन."

पलीकडे बस थांबल्याचा, माणसं उतरल्याचा आवाज आला. रूपरावाला उठून मोरीत जावं, तोंडावर पाणी मारावं असं झालं होतं. पण फोन कोण धरणार? तो तसाच बसून राहिला, तिच्या कानाशी हात धरून, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी पुसायलाही त्याला हात मोकळा नव्हता, कारण दुसऱ्या हातात तिचे केस होते.

"बाबा हाये का तिथं?" अंकुशने विचारलं.

"हाये. फोन त्यायच्याच हातात हाये."

अंकुश गर्दीतून बाजूला झाला. मग म्हणाला, "महिन्याचे किती म्हनले?"

"सातशे," रूपराव म्हणाला. त्याचा आवाज नीट निघाला नाही, म्हणून त्याला पुन्हा सांगावं लागलं.

फोन ठेवल्यावर त्याने वेणी घातली, ती त्या दिवशी पहिल्या वर्षीसारखी वाकडी झाली आणि भागीरथेने आरसा मागितला नाही.

तीस मार्चला रूपराव दामिनीच्या टेबलाशी बसून नवा कागद भरत होता. मुदत एक महिना, फ्रीज नाही, परतावा सात दिवसांत, नावाचे पैसे माफ. प्रत्येक ओळ त्याने आधी वाचली, मग खूण केली. 'वर्गात येण्याचा उद्देश' या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. दामिनी वाट बघत होती. त्याने मागच्या वर्षीसारखंच लिहिलं, उजवा हात. आणि सही केली.

बाहेर ओट्यावर मधुकररावांनी चहा आणून ठेवला. वर्षभर तो खिडकीला आडवा, रस्त्याकडे तोंड करून बसायचा. आज तो वळून बसला. आत खुर्चीवर भागीरथा हात खांद्यापर्यंत नेऊन थांबली होती, त्याच्याकडे बघत. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं, तरी तो बघत राहिला, आणि चहा निवून गेला.